केळं, दूध आणि फुटाणे: व्यायामानंतरच्या खाण्यात प्रोटीन नेमकं किती?

प्रश्न: वय २६, वजन ६४ किलो. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी जिमला जातो. साडेसात-पावणेआठला सुटलो की एक केळं, एक ग्लास दूध आणि मूठभर फुटाणे खातो. सव्वानऊला मेसचं जेवण. या खाण्यातून प्रोटीन आणि कार्ब किती मिळतात? ॲपमध्ये टाकलं की दर वेळी वेगळाच आकडा येतो. प्रोटीन कमी पडतंय म्हणून फुटाणे दुप्पट केले, तर पोट फुगायला लागलं. पावडर घ्यावीच लागेल का?

उत्तर:

आधी आकडा देते, मग तो कुठून आला ते सांगते. तुमच्या वर्णनावरून हे खाणं साधारण १५ ग्रॅम प्रोटीन, ४५ ग्रॅम पचणारे कार्ब आणि ३४० कॅलरीच्या आसपास जातं. शिवाय नऊ-दहा ग्रॅम तंतू. कार्ब तुम्हाला भरपूर आहेत. प्रोटीन चार-पाच ग्रॅमनं कमी आहे, आणि ते भरून काढायची जागा फुटाण्यांत नाही, दुधात आहे. डब्यातली महागडी प्रोटीन पावडर लागणार नाही.

केळ्यापासून सुरू करू. बाजारात जळगावकडचं जे लांब, हिरवट-पिवळं केळं मिळतं, ते सालीसकट १५० ग्रॅम भरलं तर त्यातला गर १०० ग्रॅमच्या आसपास निघतो. सालीतच जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. ॲपमध्ये बहुतेक वेळा गराचे आकडे असतात आणि लोक सालीसकटचं वजन टाकतात. तुमच्या पहिल्या घोळाचं कारण बहुधा हेच. १०० ग्रॅम गरात २० ग्रॅम पचणारे कार्ब, अडीच ग्रॅम तंतू आणि प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम. वेलची केळं घेत असाल तर ते आकारानं जवळपास निम्मं असतं, तेव्हा दोन धरा.

केळं पिकलेलं घ्या, सालीवर तपकिरी ठिपके आलेलं. कच्चट केळ्यात कार्ब पिष्टाच्या रूपात असतात आणि त्यातला काही भाग लहान आतड्यात पचतच नाही. पिकताना त्याच पिष्टाची साखर होते. कार्बची बेरीज फारशी बदलत नाही, पण व्यायामानंतर लगेच वापरता येणारा भाग वाढतो. जिमच्या खालच्या गाडीवरचं करकरीत केळं खाऊन वर फुटाणे खाल्ले, तर पोट जड होण्याची अर्धी तयारी तिथेच झालेली असते.

आता दूध. इथे ‘एक ग्लास’ या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. घरातला स्टीलचा पेला १८० मिलिलिटरचा असू शकतो, कॅन्टीनचा काचेचा ग्लास १५० चा आणि जिममधला शेकर ४०० चा. एकदा अर्ध्या लिटरची पिशवी घ्या आणि तुमच्या ग्लासात किती मावतं ते बघा. अर्धी पिशवी म्हणजे २५० मिलिलिटर. मी तेवढं धरलं आहे. टोन्ड दुधात १०० मिलिलिटरला तीन ग्रॅमहून थोडं जास्त प्रोटीन आणि पावणेपाच ते पाच ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, म्हणून २५० मध्ये पावणेआठ ग्रॅम प्रोटीन आणि १२ ग्रॅम कार्ब आले.

फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध घेतलंत तर प्रोटीन थोडं वाढतं, पण खरी वाढते ती चरबी. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असतं, फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के. म्हणजे २५० मिलिलिटरमध्ये साडेसात ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम. ही चरबी वाईट नाही. वजन वाढवायचं असेल तर ती कामाचीच आहे. पण चरबी जास्त असली की पोट हळू रिकामं होतं, आणि तुम्हाला तर दीड तासात मेसमध्ये जेवायला बसायचं आहे. तुमच्यासाठी टोन्ड किंवा गायीचं बरं. मेसचं दूध असेल तर त्यात पाणी किती आहे हा वेगळा विषय. पातळ दुधात प्रोटीन त्याच प्रमाणात घटतं. दूध पिशवीतून स्वतः ओतून घ्या, निदान आकडा तरी खरा राहील.

आता फुटाणे. ॲपमधले सगळ्यात जास्त वेडेवाकडे आकडे याच पदार्थाचे असतात, म्हणून इथे जरा थांबू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात भाजलेल्या चण्याला १०० ग्रॅममागे २२.५ ग्रॅम प्रोटीन आणि ५८ ग्रॅम कार्ब दिलेत. बऱ्याच ॲपमध्ये आणि पाकिटांवर याच्याच जवळचे आकडे दिसतात. पण त्या काळी कार्ब मोजायची पद्धत वजाबाकीची होती. शंभरातून पाणी, प्रोटीन, चरबी, राख आणि थोडासा ‘कच्चा तंतू’ वजा करायचा. उरेल ते कार्ब. कच्चा तंतू काढायच्या त्या जुन्या पद्धतीत बहुतेक तंतू निसटून जायचे आणि कार्बच्या खात्यात जमा व्हायचे. याच संस्थेनं २०१७ मध्ये नवे तक्ते काढले, त्यात तंतू वेगळे मोजले गेले. तिथे अख्ख्या चण्यात पचणारे कार्ब सुमारे ४० ग्रॅम, तंतू तब्बल २५ ग्रॅम आणि प्रोटीन १९ ग्रॅमच्या जवळ आहे. सालं काढलेल्या हरभरा डाळीत कार्ब ४७, तंतू १५ आणि प्रोटीन साडेएकवीस. हे आकडे न भाजलेल्या धान्याचे आहेत. भाजताना पाणी उडतं, त्यामुळे फुटाण्यात प्रत्येक आकडा किंचित वर सरकतो, पण चित्र तेच राहतं.

आता तुमच्या मुठीतला हिशोब बघा. मोठ्या माणसाची एक मूठ सालीसकट फुटाणे ३० ग्रॅमच्या आसपास भरतात. त्यातून ६ ग्रॅम प्रोटीन, १२ ते १३ ग्रॅम पचणारे कार्ब आणि ७ ग्रॅम तंतू. जुन्या आकड्यानं मोजलं तर हेच कार्ब १७ ग्रॅम दिसतात. ॲपमध्ये एकदा ‘भाजलेला चणा’, एकदा ‘चणा डाळ’ आणि एकदा कुठल्यातरी पाकिटाचं नाव निवडलंत की तीन वेगळी उत्तरं येतात, आणि उकडलेला चणा चुकून निवडलात तर प्रोटीन एकदम निम्म्याच्याही खाली जातं, कारण उकडलेल्या चण्यात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. यातला एकच पर्याय धरून ठेवा आणि तोच रोज वापरा.

सालं काढली की प्रोटीन वाढतं असं जिममध्ये ऐकलं असेल. फुटाणे तळहातावर चोळून फुंकर मारली की जी सालं उडतात, ती जवळजवळ सगळी तंतूंची असतात. ती गेली की १०० ग्रॅममागचा प्रोटीनचा आकडा चढतो, पण तुमच्या मुठीतले दाणे तेवढेच राहतात आणि त्यातलं प्रोटीनही तेवढंच. फायदा होतो तो पोटाला. चिवड्यात घालतो ते पंढरपुरी डाळं मुळातच बिनसालीचं असतं. पोट फुगणाऱ्याला मी फुटाण्यांऐवजी तेच सुचवते. ३० ग्रॅम डाळ्यात साडेसहा ग्रॅम प्रोटीन आणि १४-१५ ग्रॅम कार्ब येतात, तंतू मात्र फुटाण्यांपेक्षा बरेच कमी.

मग बेरीज: केळ्याचं १, दुधाचं पावणेआठ, फुटाण्यांचं ६, एकूण प्रोटीन १५ ग्रॅमच्या जवळ. कार्ब २० अधिक १२ अधिक १३, म्हणजे ४५. जुन्या पद्धतीनं, बहुतेक तंतूंसकट मोजलं तर हेच ५२ होतात. तुमच्या ॲपनं ५२ दाखवले असतील तर तेही खोटं बोलत नाही, फक्त तंतू धरून बोलतं.

तुम्हाला लागतं किती? ताकदीचा व्यायाम करणाऱ्या तरुण माणसाला एका खाण्यात किलोमागे पाव ग्रॅम ते ०.३ ग्रॅम चांगल्या प्रतीचं प्रोटीन मिळालं की स्नायूंची नवी बांधणी बहुतांशी जोरात चालते. ६४ किलोला हे १६ ते १९ ग्रॅम होतं. १५ हा आकडा वरवर जवळ वाटतो, पण ‘चांगल्या प्रतीचं’ या अटीवर तो थोडा घसरतो.

दुधाचं प्रोटीन जवळजवळ पूर्ण पचतं आणि त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्लं योग्य प्रमाणात असतात. चण्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन भरपूर आहे, पण गंधकयुक्त अमिनो आम्लं, म्हणजे मिथिओनिन आणि सिस्टीन, कमी पडतात, आणि त्याचा पचनाचा टक्काही दुधापेक्षा कमी. त्यामुळे चण्याच्या ६ ग्रॅमला मी हिशोबात साडेचार ग्रॅमच धरते. शिवाय ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल स्नायूंना ‘बांधायला लागा’ असा इशारा देतं. दुधाच्या ८ ग्रॅम प्रोटीनमध्ये ते पाऊण ग्रॅमच्या आसपास असतं, चण्याच्या ६ ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. दोन्ही मिळून सव्वा ग्रॅम. एका वेळच्या खाण्यात दोन ग्रॅमच्या जवळ असलेलं बरं. फुटाणे दुप्पट करूनही तुमचं काम का होत नव्हतं, ते इथे कळतं.

दोन मार्ग शेजारी ठेवून बघा. फुटाणे ३० वरून ६० ग्रॅम केले की कागदावर ६ ग्रॅम प्रोटीन वाढतं, पण सोबत १३ ग्रॅम कार्ब आणि ७ ग्रॅम तंतू येतात. एका बैठकीत तंतू १६-१७ ग्रॅमवर जातात, तेही कोरड्या, टणक दाण्यांतून, घामानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना. त्याऐवजी त्याच २५० मिलिलिटर दुधात बिनसाखरेची स्किम्ड दूध पावडर १५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, घातली तर ५ ग्रॅम दुधाचं प्रोटीन आणि ८ ग्रॅम लॅक्टोज वाढतं. तंतू शून्य. ल्युसिन पावणेदोन ग्रॅमच्या जवळ पोहोचतं आणि एकूण प्रोटीन २० होतं. नाहीतर सरळ दूधच ४०० मिलिलिटर करा, परिणाम जवळपास तोच.

पावडर विकत घेताना पाकिटाच्या मागचा तक्ता वाचा. चहासाठी म्हणून जी ‘डेअरी व्हाइटनर’ मिळते, तिच्यात बहुतेक वेळा साखर मिसळलेली असते आणि प्रोटीन १०० ग्रॅमला २० च्या आसपासच भरतं. स्किम्ड मिल्क पावडरमध्ये ते ३४-३५ असतं. दोन्ही पाकिटं एकाच फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, आणि व्हाइटनरचं पुष्कळदा स्वस्त पडतं. पावडर थेट दुधात टाकली की गुठळ्या होतात. आधी दोन चमचे गार दुधात तिची पेस्ट करा, मग उरलेलं दूध ओता.

पोट फुगण्याचं कारण शोधायला डॉक्टरकडे जायच्या आधी घरीच एक चाचणी होते. गुन्हेगार दोन असू शकतात. चण्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या जातीच्या साखरा असतात. त्या फोडायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतं, म्हणून त्या मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. भाजल्यानं या साखरा फारशा कमी होत नाहीत. भिजवून, पाणी फेकून शिजवलेल्या चण्यात त्या कमी होतात, म्हणून उसळ सोसते आणि फुटाणे सोसत नाहीत असं बरेचजण सांगतात. दुसरा संशयित म्हणजे दुधातलं लॅक्टोज, ज्यांचं ते पचवणारं लॅक्टेज एन्झाइम मोठेपणी घटलेलं आहे त्यांच्यासाठी.

दोघांची वेळ वेगळी असते. दुधाचा त्रास बहुधा अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत जाणवतो: पोटात गुडगुड, कधी पातळ शौच. चण्याचा वायू उशिरा, रात्री झोपायच्या वेळेला किंवा पहाटे त्रास देतो. तुमचं पोट जेवायच्या आधीच फुगत असेल तर दुधाकडे बघा. अकरा-साडेअकराला फुगत असेल तर फुटाण्यांकडे. खात्री करायची तर तीन-चार दिवस फुटाणे बंद, दूध-केळं चालू ठेवा; पुढचे तीन-चार दिवस उलट. तुमच्या बाबतीत फुटाणे दुप्पट केल्यावर त्रास सुरू झाला, म्हणून माझं बोट चण्याकडे आहे. दूधच निघालं तर तेवढंच दही खा. विरजणात लॅक्टोज काही प्रमाणात कमी होतं आणि प्रोटीन दुधाइतकंच राहतं. ताक मात्र दह्याच्या जागी धरू नका. दुप्पट-तिप्पट पाणी घातलेल्या ताकात प्रोटीन त्याच हिशोबानं पातळ झालेलं असतं.

फुटाणे चावण्याबद्दलही एक सांगायचं आहे. चण्याच्या पेशींच्या भिंती चिवट असतात. दाणा अर्धवट चावून गिळला तर आतलं पिष्ट आणि प्रोटीन त्या भिंतींमागे अडकून राहतं आणि बरंचसं न पचता पुढे सरकतं. ज्याला मधुमेह आहे त्याच्यासाठी हा संथपणा फायद्याचा. तुम्ही मात्र घाईत, तोंड कोरडं असताना, बाइकला किक मारता मारता बोकाणा भरत असाल, तर तक्त्यातले ६ ग्रॅम फक्त कागदावरच खरे, तुमच्या पोटात नाहीत. नीट दळून खा, दातांनी किंवा मिक्सरनं. मिक्सरमध्ये डाळ्याचं बारीक पीठ करून एका डब्यात ठेवलं आणि दोन-तीन चमचे दुधात कालवले, तर हा प्रश्न मिटतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू मिसळलेला असतो, त्याला चण्याचे आकडे लावू नका.

दूध-केळं एकत्र खावं का, असा प्रश्न यानंतर हमखास येतो. आयुर्वेदात हे विरुद्ध आहारात मोजतात आणि ज्यांचा त्यावर विश्वास आहे त्यांनी वीस मिनिटांच्या अंतरानं खावं, पोषणाचं काही बिघडत नाही. आधुनिक पोषणशास्त्रात ही जोडी टाळावी असं म्हणायला मला आधार सापडत नाही. शिकरण-पोळीवर वाढलेल्या पिढ्या तर आपल्या घरातच आहेत. फक्त शिकरणीत घालतो तशी साखर इथे घालू नका. कार्ब आधीच पुरेसे आहेत.

कार्ब पुरेसे म्हणते ते तुमच्या वेळापत्रकामुळे. तासाभराच्या वजनाच्या व्यायामात स्नायूंमधला कार्बचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, पूर्ण रिकामा होत नाही, आणि तुमचा पुढचा व्यायाम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा त्याच्याही पुढे आहे. मधे मेसच्या पोळ्या, भात, सकाळचे पोहे, दुपारचं जेवण. तेवढ्यात साठा सहज भरतो. ‘अर्ध्या तासाच्या आत खाल्लं नाही तर व्यायाम वाया’ ही धास्तीही सोडा. संशोधक जॉन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सायकल चालवणाऱ्यांवर दाखवलं होतं की व्यायामानंतर लगेच कार्ब दिले तर दोन तासांनी दिल्यापेक्षा ग्लायकोजेन सुरुवातीला बऱ्याच वेगानं भरतं. ते खरं आहे. पण हा वेग ज्याला त्याच दिवशी पुन्हा पळायचं आहे त्याच्या कामाचा. सकाळी पळून संध्याकाळी पुन्हा सराव करणाऱ्या धावपटूला मी पहिल्या काही तासांत दर तासाला किलोमागे १ ग्रॅम कार्ब सांगते. ६४ किलोच्या धावपटूला तासाला ६४ ग्रॅम. त्याच्यासाठी हेच खाणं दोन केळी, जास्त दूध आणि जवळपास बिनचण्याचं होईल, कारण त्याला तंतू नकोत, वेग हवा.

तसंच तीनास एक किंवा चारास एक अशी कार्ब-प्रोटीनची गुणोत्तरं. तुमचं आत्ताचं खाणं योगायोगानं बरोबर तीनास एक आहे, ४५ ला १५. मी सुचवतेय त्यात गुणोत्तर अडीचास एकच्या जवळ उतरेल, आणि तुमच्यासाठी ते जास्त चांगलं आहे. तीनास एक-चारास एकचं गुणोत्तर लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या पेयांमधून जिममध्ये आलंय. वजन उचलणाऱ्यानं आधी प्रोटीनचे ग्रॅम बघावेत, गुणोत्तर जे निघेल ते निघो.

तर तुमचं खाणं असं लावा. जिममधून बाहेर पडल्यावर २५० मिलिलिटर टोन्ड दूध, त्यात १५ ग्रॅम स्किम्ड पावडर, एक पिकलं केळं. खोलीवर पोहोचून हातपाय धुतल्यावर २० ते २५ ग्रॅम डाळं, सावकाश चावून, सोबत पाणी. त्यातून १८-१९ ग्रॅम प्रोटीन आणि ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब येतात, चरबी ९ ग्रॅमच्या आसपास, आणि तंतू सहा ग्रॅमच्या आसपास. सव्वानऊला भूक लागलेली असायला हवी. लागत नसेल तर डाळं कमी करा, दूध नाही. ज्या दिवशी जेवण लवकर, साडेआठला असेल, त्या दिवशी फक्त दूध-केळं पुरे.

हे सगळं धरूनही दिवसाच्या गरजेचा हा एक पाचवा हिस्साच आहे. स्नायू वाढवायचे असतील तर दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅमच्या जवळ, म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन लागेल, आणि मेसच्या पातळ वरणात ते सहसा निघत नाही. दुपारी आणि रात्री काय जेवता, ते वाट्यांच्या आकारासकट लिहून कळवा, मग उरलेल्या ८० ग्रॅमचं बघू. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर मात्र वरचं काही सुरू करू नका. केळं आणि चणा दोन्हींत पोटॅशियम बरंच असतं आणि तिथे हिशोब तपासणीच्या आकड्यांवरून मांडावा लागतो.